तळमजल्याचं दुकान, सोसायटीचा गळका पाइप आणि भिजलेला माल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत तळमजल्यावर गाळा असलेल्या दुकानदारांसाठी ही उत्तरं आहेत. उदाहरण म्हणून साड्या आणि ड्रेस मटेरियलचं एक दुकान सगळीकडे धरलं आहे. वरच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी आणणारा पाइप या दुकानाच्या छताखालून आडवा जातो, त्याचा सांधा सुटतो आणि दोन रॅक भिजतात. उदाहरणातले आकडे आणि तारखा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतल्या आहेत.

पाणी कॉमन पाइपमधूनच येतंय हे कसं ठरवायचं?

पत्राच्या आधी हे ठरवा. इथे चूक झाली तर पुढचं सगळं पत्र चुकीच्या माणसाच्या नावे जातं. प्लंबर बोलावण्याआधी दोन दिवस वही घेऊन बसा आणि पाणी केव्हा पडतं ते लिहा. दिवसरात्र एकाच वेगाने, स्वच्छ, वास नसलेलं पाणी येत असेल तर ती बहुधा टाकीवरून येणारी पुरवठ्याची लाइन. सकाळी सात ते दहा आणि रात्री जेवणानंतर जोर, साबणाचा फेस किंवा खरकट्याचा वास, दुपारी जवळजवळ बंद, असं असेल तर सांडपाण्याचा उभा पाइप. पाऊस थांबल्यावर तासाभरात थांबत असेल तर गच्चीचं पाणी आणणारा पाइप. आणि फक्त पहिल्या मजल्यावरच्या घरात अंघोळ चालू असताना ठिपकत असेल, ते लोक गावाला गेले की कोरडं, तर संशय त्या घराच्या नहाणी ट्रॅपवर किंवा बाथरूमच्या लादीवर जातो. तो पाइप कॉमन नाही.

यानंतर रंगाची चाचणी. बादलीभर पाण्यात खायचा लाल किंवा निळा रंग गडद मिसळा आणि एका वेळी एकाच ठिकाणी ओता. आधी पहिल्या मजल्याच्या नहाणीत, मग त्याच घराच्या संडासात, मग तिसऱ्या किंवा चौथ्या मजल्यावर. प्रत्येक ओतण्यानंतर निदान अर्धा तास थांबा. घाईने दोन ठिकाणी ओतलं तर रंग कुठला आला ते सांगता येत नाही. चौथ्या मजल्याचा रंग तुमच्या दुकानात उतरला तर कॉमन पाइपच आहे, वाद संपला. ही चाचणी सेक्रेटरी किंवा कमिटीच्या एखाद्या सदस्यासमोर करा आणि जागीच दोन ओळींचा कागद लिहून सह्या घ्या. तुम्ही एकट्याने केलेल्या चाचणीवर उद्या कोणीही म्हणेल, ‘रंग तुम्हीच छतावर लावला असेल.’

दुकानाच्या छतातच हे पाइप का फुटतात?

वर घरं आणि खाली दुकानं अशा इमारतींत उभा पाइप डक्टमधून खाली येतो, पण दुकानाच्या मध्यभागी खांबासारखा उतरवता येत नाही. म्हणून पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली त्याला वळवून आडवा नेतात आणि मागच्या चेंबरला सोडतात. उभ्या पाइपमध्ये पाणी धावतं, आडव्यात मंदावतं आणि गाळ बसतो. कपड्याचा तुकडा, सॅनिटरी पॅड किंवा सिमेंटचं घट्ट झालेलं पाणी वळणात अडकलं की मागे पाणी तुंबतं, आणि एरवी कधीच दाब न सोसणाऱ्या सांध्यावर चार मजल्यांच्या पाण्याचा भार येतो. पाणी मग सर्वांत कमजोर जागेतून निघतं. ती जागा बहुतेक वेळा सफाईच्या झाकणाची फट किंवा रबर रिंग निसटलेला सांधा असते. जुन्या इमारतीत बिडाचा पाइप खालच्या अंगाने कुजतो आणि वरून रंगवलेला असल्याने धड दिसतो. क्लॅम्प कमी असतील तर पाइप मधे झोकतो आणि सांधा हळूहळू उघडतो. चार इंची पीव्हीसी पाइपला आडव्या धावेत साधारण दर मीटर-सव्वा मीटरला आधार हवा. तीन-तीन मीटरवर एक पट्टी ठोकलेली दिसली तर फोटो काढून ठेवा. ‘अचानक फुटला, आम्ही काय करणार’ या उत्तराला तो फोटो पुरतो.

दुरुस्तीचा खर्च कोणाचा?

सोसायटीचा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तिच्यात बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, ड्रेनेज लाइनी आणि कॉमन पाइप व ड्रेनेजमुळे होणारी गळती स्पष्टपणे येते. २०१४ च्या आदर्श उपविधीत ही यादी १५९ (अ) मध्ये आहे. तुमच्या संस्थेने स्वीकारलेली प्रत वेगळी असेल तर क्रमांक बदलतो, म्हणून पत्रात क्रमांक घालण्याआधी आपल्या संस्थेची नोंदणीकृत प्रत मागून बघा. चुकीचा क्रमांक टाकला की कमिटी मूळ मुद्दा सोडून क्रमांकावरच बोलत बसते.

घराच्या आतली गळती, म्हणजे संडास, सिंक, नहाणी यांतली, त्या घरमालकाच्या खर्चाने. हद्द कुठे, हा रोजचा वाद असतो. व्यवहारात घराची शाखा उभ्या कॉमन पाइपला जिथे जोडते तिथपर्यंत घरमालक आणि तिथून पुढे सोसायटी, असं धरतात. जोडाच्या कोपरावरच गळत असेल तर पत्र दोघांनाही पाठवा. आपापसांत त्यांनी ठरवावं. तुम्ही पंच होऊ नका.

एक गोष्ट वेगळी सांगायची. पुण्यात आणि इतरत्रही काही इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असोसिएशन असतात. तिथे डिक्लेरेशन आणि त्याला जोडलेल्या उपविधी बघाव्या लागतात. पुढचा बराच भाग लागू पडेल, पण सहकार खात्याचा आणि सहकार न्यायालयाचा मार्ग तसाच्या तसा लागू पडणार नाही.

मग नुकसानभरपाई दुरुस्तीइतकी सरळ का मिळत नाही?

कारण दुरुस्ती उपविधीत लिहिलेली आहे, भिजलेल्या मालाचे पैसे लिहिलेले नाहीत. भरपाईसाठी तुम्हाला दाखवावं लागतं की सोसायटीला काय करायचं होतं ते तिने वेळेत केलं नाही, आणि त्यामुळेच माल गेला. इथे सगळं दोन तारखांवर येतं: सोसायटीला गळती कळली ती तारीख आणि तुमचा माल भिजला ती तारीख. दोन्हींत अंतर असेल आणि त्या अंतरात सोसायटीने काहीच केलं नसेल, किंवा फक्त वरवर पुट्टी फासली असेल, तर तुमची बाजू भक्कम. दोन्ही तारखा एकच असतील, म्हणजे काल रात्री पहिल्यांदाच फुटला आणि काल रात्रीच माल गेला, तर सोसायटी म्हणेल आम्हाला माहीतच नव्हतं. ते अगदीच खोटं ठरत नाही. तेव्हा तुम्हाला जुनी दुर्लक्षाची खूण शोधावी लागते: कुजलेला बिडाचा पाइप, नसलेले क्लॅम्प, चेंबर वर्षानुवर्षं साफ न केल्याची प्लंबरची लेखी टीप, शेजारच्या गाळ्याची जुनी तक्रार.

म्हणून पहिला ओला डाग दिसला, माल अजून कोरडा आहे, त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्या. ‘सांगून काय होणार, हेच लोक आहेत’ म्हणून बहुतेक दुकानदार ते टाळतात आणि पुढे तीच तारीख शोधत बसतात. आमच्या मते भरपाईच्या लांब पत्रापेक्षा हे दोन ओळींचं पत्र जास्त कामाचं असतं.

व्हॉट्सअॅपवर सांगितलं होतं. ते चालेल का?

कळवल्याचा पुरावा म्हणून हो, जर सेक्रेटरीने उत्तर दिलं असेल किंवा त्यानंतर प्लंबर पाठवला असेल. मेसेज पुसू नका, फोन बदलताना बॅकअप ठेवा. फोटो-व्हिडिओची मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअॅपमधून गेलेली प्रत दाबलेली असते आणि तारखेची नोंद तिच्यात उरत नाही. प्रकरण कोर्टात गेलं तर अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ते वकील करून देतात, पण मूळ फोन तुमच्याकडे असायला हवा.

माल भिजला. आधी उचलायचा की पंचनाम्यासाठी तसाच ठेवायचा?

आधी त्या भागाचा एमसीबी खाली करा. छतातल्या दिव्यांच्या वायरिंगमध्ये पाणी गेलेलं असतं. मग पडणाऱ्या पाण्याचा सलग व्हिडिओ घ्या: छतातली जागा, तिथून खाली रॅक, रॅकवरचा माल, असं एकाच दमात, न थांबवता. तुकड्यातुकड्यांत घेतला तर छत कोणाचं आणि माल कुठला असा प्रश्न येतो.

त्यानंतर माल हलवा. नुकसान वाढू न देणं हे तुमचं काम आहे. कोरडा माल गळतीखाली तसाच सोडला आणि तोही भिजला, तर त्या भागाची भरपाई नाकारायला समोरच्याला कारण मिळतं. कपड्याच्या बाबतीत वेळ फार कमी असतो. ओल्या साड्यांची चळत तशीच राहिली तर गडद रंगाच्या घडीचा रंग वरच्या फिकट घडीत उतरतो, आणि जी साडी कमी भावात विकता आली असती तीही जाते. घड्या सुट्या करा, गडद आणि फिकट वेगळे ठेवा, पंख्याखाली पसरा, उन्हात नको. मैलापाणी लागलं की खऱ्या जरीचं काम काळं पडतं.

भिजलेला माल टाकून मात्र देऊ नका. वास सहन होत नसेल तर जाड प्लास्टिकच्या पोत्यात बांधून, पोत्यावर यादी चिकटवून मागे ठेवा. पंचनामा होईपर्यंत आणि विमा असेल तर सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत तो माल हाच तुमचा पुरावा.

पंचनामा दुकानातच, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी करा. सोसायटीचा एक माणूस, तुम्ही, शेजारचा एक दुकानदार आणि शक्य असेल तर प्लंबर. कागदावर वेळ, गळतीची जागा, पाइपचा प्रकार आणि मालाची नगावार मोजणी. किमती तिथे लिहू नका. किमतीवरून भांडण झालं की लोक मोजणीवरही सही करत नाहीत. सोसायटीचं कोणी आलंच नाही, तर ‘कळवूनही आले नाहीत’ असं लिहून बाकीच्यांच्या सह्या घ्या.

भरपाईचा आकडा कसा काढायचा?

खरेदी किमतीवरून, विक्री किमतीवरून नव्हे. एमआरपी लावून केलेला दावा कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिल्या मिनिटाला हास्यास्पद ठरतो, आणि मग खरा आकडाही कोणी ऐकत नाही. मालाचे दोन गट करा: पूर्ण निकामी आणि कमी भावात गेलेला. पहिल्याची पूर्ण खरेदी किंमत, दुसऱ्याची खरेदी आणि प्रत्यक्ष विक्रीतला फरक.

उदाहरणातल्या दुकानात ४० कॉटन साड्या भिजल्या, खरेदी प्रत्येकी ६५० रुपये. त्यातल्या २८ निकामी, म्हणजे १८,२०० रुपये. उरलेल्या १२ साड्या ३०० रुपयांना काढल्या, तिथे प्रत्येकी ३५० चा तोटा, एकूण ४,२००. जरीच्या १२ साड्या, खरेदी २,४००, सगळ्या काळवंडल्या: २८,८००. ड्रेस मटेरियलचे ५५ नग, खरेदी ४८०. त्यातले २० निकामी, ९,६०० रुपये, आणि ३५ नग ३०० ला गेले, प्रत्येकी १८० चा तोटा, ६,३००. निकामी माल ५६,६०० चा आणि कमी भावाचा तोटा १०,५००, मिळून ६७,१०० रुपये. त्यावर फुगलेल्या दोन प्लाय फळ्या ३,६००, इलेक्ट्रिशियन ८०० आणि साफसफाईची मजुरी २,०००, असे ६,४०० रुपये, प्रत्येकाची पावती जोडून.

दुकान बंद राहिल्याचा बुडालेला नफा मागता येतो, पण सिद्ध करणं कठीण. दोन दिवस बंद असेल तर तो मुद्दा पत्रात एका ओळीत ठेवा. पंधरा दिवस बंद असेल तर मागच्या तीन महिन्यांची विक्री जीएसटी रिटर्नमधून काढून स्वतंत्र तक्ता जोडा. मानसिक त्रासाचे लाखभर रुपये टाकण्याचा मोह आवरा.

जीएसटी या हिशोबात कुठे येतो?

बरेच जण इथे पैसे सोडतात. जो माल नष्ट झाला किंवा खात्यातून काढून टाकला, त्यावर खरेदीच्या वेळी घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(ह) तसं सांगतं. म्हणजे निकामी मालावर भरलेला जीएसटी आता तुमच्या खिशातून गेला आणि तोही नुकसानीचा भाग आहे. उदाहरणात खरेदी बिलांवर ५ टक्के कर आहे, म्हणून ५६,६०० वर २,८३० रुपये. कमी भावात विकलेल्या मालावर विक्रीचा कर लागलेलाच आहे, तिथे क्रेडिट परत करायचं नसतं, म्हणून तो धरू नका. कंपोझिशन योजनेत असाल तर क्रेडिट मुळात घेतलेलंच नाही. मग करासहित खरेदी किंमत हीच तुमची किंमत. एकूण मागणी ६७,१००, २,८३० आणि ६,४०० मिळून ७६,३३० रुपये.

पत्र कसं लिहायचं?

एक पान, फार तर दीड. दुरुस्ती आणि भरपाई या दोन मागण्या स्वतंत्र परिच्छेदांत आणि स्वतंत्र मुदतींसह लिहा, कारण दुरुस्ती कमिटी लगेच करू शकते, भरपाईला बहुधा सर्वसाधारण सभा लागते. एकत्र लिहिलं की भरपाईच्या वादात दुरुस्तीही अडकते. नमुना:

> प्रति,
> मा. अध्यक्ष / मा. सचिव,
> ______ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्या.
>
> विषय: गाळा क्र. २ च्या छतातील सामाईक ड्रेनेज पाइपच्या गळतीची तातडीने दुरुस्ती व मालाच्या नुकसानीची भरपाई मिळणेबाबत.
>
> संदर्भ: १) माझी दि. ३ जूनची लेखी तक्रार (पोच जोडली आहे). २) दि. २५ जूनचा संयुक्त पंचनामा.
>
> महोदय,
>
> मी संस्थेचा सभासद असून गाळा क्र. २ मध्ये साड्यांचे दुकान चालवतो. दि. ३ जून रोजी छतातील आडव्या ड्रेनेज पाइपच्या सांध्यातून पाणी ठिपकत असल्याचे मी संस्थेस लेखी कळवले. दि. ९ जून रोजी संस्थेच्या प्लंबरने सांध्यावर बाहेरून पुट्टी लावली. सांधा उघडून रबर रिंग बदलण्यात आली नाही.
>
> दि. २४ जूनच्या रात्री तोच सांधा सुटून सांडपाणी दोन रॅकवर पडले. दि. २५ रोजी संस्थेच्या प्रतिनिधीसमोर चौथ्या मजल्यावरून रंगाची चाचणी केली असता रंगीत पाणी याच सांध्यातून आले. सदर पाइप सामाईक असल्याचे पंचनाम्यात नमूद आहे.
>
> मागणी १: पाइपचा बाधित भाग व सांधे बदलून, योग्य अंतरावर क्लॅम्प लावून, चेंबरपर्यंतची लाइन साफ करून हे काम पत्र मिळाल्यापासून ७ दिवसांत पूर्ण करावे. कामासाठी दुकान सकाळी १० पर्यंत व रात्री ९ नंतर उघडून देईन. तोपर्यंत वरच्या मजल्यांचे पाणी वळवण्याची तात्पुरती सोय करावी.
>
> मागणी २: मालाचे व अनुषंगिक नुकसान ७६,३३० रुपये इतके आहे (तपशील परिशिष्ट अ). ही रक्कम ३० दिवसांत मिळावी. सर्वसाधारण सभेची मंजुरी आवश्यक असल्यास हा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घेऊन मला लेखी कळवावे. निकामी माल पाहणीसाठी राखून ठेवला आहे.
>
> माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे.
>
> आपला,
> (सही, नाव, गाळा क्र., दिनांक)
>
> सोबत: खरेदी बिलांच्या प्रती, मालाची यादी, पंचनामा, फोटो व व्हिडिओचा पेनड्राइव्ह, प्लंबरचा लेखी अभिप्राय, खर्चाच्या पावत्या.

‘सांधा उघडून रबर रिंग बदलण्यात आली नाही’ ही ओळ या पत्राचा कणा आहे. ओल्या, चिकट पाइपवर बाहेरून लावलेली पुट्टी धरत नाही, हे कुठलाही प्लंबर लिहून देईल. ‘वारंवार तोंडी सांगूनही दुर्लक्ष’ या सरधोपट वाक्यापेक्षा असं एक नेमकं वाक्य जास्त टोचतं. विशेषणं काढून टाका. ‘निष्काळजी कमिटी’ लिहिलं की पुढची मीटिंग कमिटीच्या अब्रूवर होते, पाइपवर होत नाही.

कार्यालयात पत्र घेत नाहीत. मग?

दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच मागा. नकार दिला तर वाद न घालता तेच पत्र सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोच मिळेल असं पाठवा आणि सोसायटीच्या ईमेलवर पीडीएफ टाका. वैयक्तिक पदाधिकाऱ्याच्या घरच्या पत्त्यावर नको. पत्र व्यक्तीला नव्हे, संस्थेला जातंय. आदर्श उपविधीनुसार सभासदाची तक्रार लगतच्या कमिटी मीटिंगमध्ये घेऊन तिचा निर्णय त्यानंतर १५ दिवसांत कळवायचा असतो. ती मुदत संपली की आठवणीचं एकच पत्र, जुन्या पोचेची प्रत लावून.

‘तुम्ही फॉल्स सीलिंग करून पाइप झाकला’ असं कमिटी म्हणते.

यात थोडं तथ्य असतं, ते मान्य करून पुढे जा. पाइप झाकल्याने तो फुटत नाही, पण गळती उशिरा दिसते आणि तपासणी अडते. सीलिंगमध्ये झाकण ठेवलेलं असेल आणि तुम्ही कधी प्रवेश नाकारला नसेल तर हा मुद्दा फारसा टिकत नाही. झाकणच नसेल तर सीलिंग कापण्याचा आणि परत करण्याचा खर्च तुमच्याच अंगावर येण्याची शक्यता मोठी. तो मागणीत धरू नका. परवानगीशिवाय बांधलेला पोटमाळा असेल आणि माल त्यावर, पाइपला टेकून ठेवलेला असेल, तर भरपाईत काटछाट गृहीत धरूनच बोलणी करा.

‘वरच्या घरवाल्याकडून घ्या’ या उत्तराला रंगाची चाचणी पुरते. ‘कमिटीला एवढा खर्च करायचा अधिकार नाही’ हे अर्धवट खरं आहे. सभासद संख्येनुसार कमिटीच्या दुरुस्ती खर्चाला उपविधीत मर्यादा असते, पण आठ-दहा फूट पाइप आणि चार सांधे बदलणं सहसा त्या मर्यादेत बसतं. शिवाय प्रत्येक सभासद दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी भरतो, त्यात तुमचा गाळाही आहे.

भरपाई मिळेपर्यंत मेंटेनन्स थांबवला तर?

थांबवू नका. थकबाकीवर उपविधीनुसार वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागतं आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला निघू शकतो. तुमचा दावा अजून ठरायचा आहे, सोसायटीचं बिल ठरलेलं आहे, त्यामुळे दोन्हींची परस्पर वजाबाकी तुम्हाला एकतर्फी करता येत नाही. वर ‘थकबाकीदार’ हा शिक्का बसला की सभेत कोणी बोलू देत नाही.

दुकान भाड्याने चालवतोय, पत्र कोणी द्यायचं?

माल तुमचा, पण सभासद गाळामालक. दोघांनी एकत्र सही करा: दुरुस्तीची मागणी मालकाच्या नावाने, मालाची तुमच्या नावाने, सोबत लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत. नुसत्या भाडेकरूचं पत्र आलं की ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणून ते बाजूला ठेवलं जातं. मालक सही करत नसेल तर त्याला वेगळं पत्र देऊन ठेवा.

दुकानाचा विमा आहे. तरी सोसायटीकडे मागायचं?

आधी विमा कंपनीला कळवा, त्याच दिवशी. दुकानाच्या आगीच्या पॉलिसीत पाइप फुटणं किंवा पाण्याची टाकी ओसंडणं हे बहुधा धरलेलं असतं. हळूहळू पाझरून झालेलं नुकसान मात्र नाकारलं जाऊ शकतं. इथे पेच आहे. सोसायटीला दाखवायचं असतं की तीन आठवडे गळत होतं आणि विमा कंपनीला ‘अचानक फुटला’ हे ऐकायचं असतं. खरं तेच दोन्हीकडे लिहा: ३ जूनला ठिपकत होतं, त्या वेळी माल कोरडा होता, २४ ला सांधा सुटला आणि माल भिजला. दोन्ही पत्रांत वेगवेगळी कहाणी असेल तर दोन्ही दावे जातात.

विम्याचे पैसे मिळाल्यावर तेवढ्या रकमेचा सोसायटीविरुद्धचा हक्क विमा कंपनीकडे जातो. त्याच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत. न मिळालेला भाग, म्हणजे पॉलिसीतली वजावट किंवा नाकारलेल्या बाबी, सोसायटीकडे मागता येतो. आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय सोसायटीला ‘आता काही मागणी नाही’ असं लिहून देऊ नका, नाहीतर विमा दावा अडकेल.

उत्तरच आलं नाही तर कुठे जायचं?

दोन वेगळ्या वाटा आहेत. संस्था उपविधीप्रमाणे वागत नाही, तक्रार घेत नाही, दुरुस्ती करत नाही, यासाठी उपनिबंधक, सहकारी संस्था. मालाच्या रकमेचा निवाडा मात्र ते करत नाहीत. सभासद आणि संस्था यांच्यातला गळतीचा व भरपाईचा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. गळती चालू असेल तर तिथेच तातडीच्या दुरुस्तीचा अंतरिम आदेशही मागता येतो, आणि बहुतेक वेळा त्यासाठीच जाणं परवडतं.

७६ हजारांसाठी कोर्टात जावं का? वकिलाची फी आणि दोन-चार वर्षांच्या तारखा धरल्या तर एवढ्या रकमेला सर्वसाधारण सभेतली तडजोड बरी, असं आमचं मत आहे. चार-पाच लाखांचा माल असेल आणि दोन तारखांमधलं अंतर कागदावर असेल, तर गोष्ट वेगळी.

तडजोड ठरली. कागदावर काय यावं?

सभेचा ठराव, त्याचा क्रमांक आणि तारीख, ठरलेली रक्कम आणि देण्याची तारीख. मेंटेनन्समधून वळती करायची असेल तर किती महिन्यांत किती, हेही ठरावातच. तोंडी ठरलेली वळती पुढची कमिटी ओळखत नाही. सोसायटी भरून पावल्याची पावती मागेल. ती द्या, पण ‘दि. २४ जूनच्या घटनेपुरती’ हे शब्द त्यात घाला. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तोच पाइप पुन्हा सुटला तर तीच पावती तुमच्यासमोर धरली जाईल.

दुरुस्ती नीट झाली हे कसं बघायचं?

प्लंबर निघायच्या आत बघा, सीलिंग बंद करण्याआधी. वरच्या दोन-तीन घरांत एकाच वेळी फ्लश आणि दोन-दोन बादल्या पाणी ओतायला सांगा. प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर दाबून धरा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी ओल कागदावर लगेच उमटते. उतार हाताने कळत नाही, त्यासाठी पाणसळ लावा: मीटरला सुमारे दोन सेंटीमीटर चेंबरकडे झुकलेला हवा. सफाईचं झाकण खालच्या बाजूला नको, वरच्या किंवा बाजूच्या अंगाला हवं, म्हणजे रबर जुनं झालं तरी पहिला थेंब रॅकवर पडत नाही. सीलिंगमध्ये त्या झाकणाखाली दीड फूट चौकोनी उघडणारं दार ठेवून घ्या, आणि पहिला महिना त्याच्या आत एक जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. आठवड्यातून एकदा काढून बघा, डाग असेल तर त्याच कागदावर तारीख टाकून फोटो काढा आणि त्याच दिवशी सोसायटीला पत्र द्या.